दुसऱ्याच्या नावाची समई

श्रावणातला शेवटचा शुक्रवार होता. दुपारी दीडच्या सुमाराला पुण्याच्या एका काकूंकडून मोबाइलवर फोटो आला. देवघरात जिवतीचा कागद, पुढे पुरणाचं ताट आणि दोन्ही बाजूंना आमच्या दुकानातून गेलेल्या समया, दोन्ही लावलेल्या. पाच-पाच वाती, तेल काठोकाठ. खाली त्यांनी लिहिलं होतं, "समया फार सुंदर आहेत हो, पण मी मोराच्या सांगितल्या होत्या, या हंसाच्या आल्यात. आणि बैठकीवर कुणाचं तरी नाव घातलंय. पूजेची वेळ झाली म्हणून लावल्या, चाललं ना?"

फोटो मोठा करून नाव वाचलं आणि पोटात खड्डा पडला. ते नाव मी ओळखत होते. आठ दिवसांपूर्वी बेळगावच्या एका ताईंनी ते मला कागदावर लिहून पाठवलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून. त्यांच्या आईचं नाव. आईचं वर्षश्राद्ध झालं होतं, यंदाच्या गणपतीत तिच्या नावाची जोडी लावायची होती. गोव्यात फोंड्याला आमच्या दुकानात नाव घालणारे जे आजोबा येतात, त्यांनी ते बारीक छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी उमटवलं होतं. ती जोडी आता पुण्यात, एका अनोळखी घरात, जिवतीपुढे तेवत होती. चवथ पुढच्या बुधवारी. मधे एक रविवार.

चुकीची वस्तू गेली की माणूस आधी तिच्याकडेच बघतो. काय गेलं, कसं गेलं, परत कसं आणायचं. पण ज्यांना चुकीचं मिळालं त्यांची खरी वस्तू कुठे आहे, हा प्रश्न त्याच्या आधी विचारायला हवा, कारण त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. चूक दोन प्रकारची असते. एकीत खोका बरोबर, पत्ता बरोबर, फक्त आत दुसरा माल भरला गेला. तिथे एकच गिऱ्हाईक दुखावलं जातं. दुसरीत दोन खोके नीट भरलेले असतात आणि वरची पत्त्याची चिठ्ठीच अदलाबदल होते. तिथे आणखी एक घर असतं, ज्याला अजून काही कळलेलंच नाही. या दोन चुका ओळखायची सोपी खूण म्हणजे आतलं बिल. मी काकूंना फोन लावला, माफी मागितली आणि म्हटलं, खोका टाकला नसेल तर आतला कागद जरा बघाल का? बिलावर बेळगावचा पत्ता होता. म्हणजे आतलं बिल आणि आतला माल एकमेकांना धरून होते, चुकली होती ती फक्त बाहेरची चिठ्ठी. काकूंच्या मोराच्या समया बेळगावच्या वाटेवर होत्या.

असं होण्यासारखं काय घडलं होतं तेही लगेच आठवलं. मंगळवारी संध्याकाळी दोन्ही खोके एकाच टेबलावर होते. एकाच मापाचे, पंचेचाळीस बाय तीस बाय पंचवीस सेंटिमीटर, दोन्हींत अठरा इंची जोडी. बाहेर पाऊस, बाजारात गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीच्या सामानाची गर्दी, दुकानात समई, निरांजन, आरतीची ताटं घेणारी माणसं. मी दोन्ही खोक्यांना टेप मारून ठेवली आणि चिठ्ठ्या नंतर छापल्या. बुधवारी कुरिअरच्या मुलाने खोके तोलले, तेव्हा तरी कळायला हवं होतं, कारण हंसाची जोडी मोराच्या जोडीपेक्षा सातशे ग्रॅमने जड आहे. पण कुरिअर पैसे लावतो ते खोक्याच्या आकाराच्या वजनाचे. लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजारांनी भागायचं. आमच्या त्या खोक्याचं ते वजन पावणेसात किलो येतं, म्हणजे सात. आतलं पितळ पाच किलो असो की सहा, पावतीवर दोन्हीकडे सातच. ज्या आकड्याने चूक ओरडून सांगायला हवी होती, तो आकडा पावतीवर उतरलाच नाही. आता मी टेप मारायच्या आधी खोका स्वतः तोलते, खरं वजन आणि बिलाचा नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिते आणि चिठ्ठी चिकटवल्याशिवाय दुसरा खोका टेबलावर घेत नाही. हे शहाणपण अर्थात नंतरचं.

त्या दुपारी मात्र बेळगावला फोन करायचा होता.

तो फोन करायला मला वीस मिनिटं लागली. मन म्हणत होतं, खोका अजून पोचलेला नाही, आधी काहीतरी मार्ग काढू, मग सांगू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खोका उघडणार, आईच्या नावाच्या जागी मोर बघणार आणि मग मला फोन करणार. त्यापेक्षा हे माझ्या तोंडून, खोका उघडायच्या आधी कळलेलं बरं. मी सरळ सांगितलं की तुमची जोडी माझ्या चुकीने पुण्याला गेली आहे, ती सुखरूप आहे, उद्या तुमच्याकडे येणारा खोका दुसऱ्यांचा आहे. त्यांनी विचारलं, "नाव घातलेलीच गेली?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ काही आवाज नाही. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाल्या, "त्यांनी वापरली का?" खोटं बोलता आलं असतं. पुसून, घासून दिली असती तर त्यांना कळलंही नसतं. मी म्हटलं, हो, आज जिवतीपुढे लावली. त्या म्हणाल्या, "विचार करून सांगते," आणि फोन ठेवला.

बाबा असते तर या वेळी काय करत, हे मला नेमकं ठाऊक होतं. मी नववीत असेन. लग्नसराईत दिवाडी बेटावरच्या एका घरी आमच्याकडून चुकीची कळशी गेली होती, ओतीव काठाची हवी होती आणि साधी गेली. फोन शेजारच्या दुकानात आला. बाबांनी तासाभरात दुकान माझ्या दादाकडे सोपवलं, बरोबर कळशी गोणपाटात गुंडाळली आणि मला सोबत घेतलं. जुन्या गोव्याला बसमधून उतरलो, फेरीत चढलो. मांडवी गढूळ होती, फेरीच्या पत्र्यावर डिझेलचा आणि ओल्या दोरखंडाचा वास. त्या घरी पोचल्यावर बाबांनी आधी नवी कळशी यजमानीणबाईंच्या हातात दिली, त्यांनी ती आतबाहेर बघितली, ठीक म्हटलं, आणि मगच बाबांनी जुनीचं नाव काढलं. परतताना मी विचारलं, आधी आपली परत घेतली असती तर? ते म्हणाले, "बाय, कुणाच्या दारात रिकाम्या हातांनी परत मागायला जाऊ नये." मला तेव्हा ती केवळ रीत वाटली होती. आता धंदा करताना कळतं, की त्यात मोठा हिशेब आहे. आधी परत मागितलं, की समोरच्याकडे ना वस्तू उरते ना पैसे, उरतो तो फक्त आपला शब्द, आणि तो आपण नुकताच चुकवलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट, काकूंची मोराची जोडी त्याच दिवशी निघायला हवी होती. नशिबाने तो नमुना दुकानात होता. बेळगावला निघालेला खोका परत येईल, मग तोच पुण्याला पाठवू, असा विचार करायचाच नाही. वाटेतला माल हा नसलेलाच माल धरायचा. मी ताईंना परत छोटा निरोप पाठवला की उद्याचा खोका नाकारू नका, घ्या आणि न उघडता ठेवा, तो न्यायची जबाबदारी माझी. नाकारला की तो 'परत पाठवा' म्हणून कुरिअरच्या साखळीत शिरतो. चवथीच्या तोंडावर सगळे हब तुडुंब असताना असा खोका कुठल्या कोपऱ्यात किती दिवस पडेल याचा नेम नसतो.

मग हंसाची जोडी परत कशी आणायची. एरवी मी कुरिअरचं घरून उचलणं नोंदवते. त्यात वाईट काही नाही, घाई नसेल तर तेच करावं. पण त्यातले खाचखळगे मी सोसलेत. उचलायला येणारा मुलगा चिठ्ठी छापून आणतोच असं नाही आणि गिऱ्हाइकाकडे प्रिंटर नसतो. तो न सांगता दुपारी येतो, घराला कुलूप असतं, तो 'ग्राहक उपलब्ध नाही' असं नोंदवून जातो. असं दोन-तीनदा झालं की नोंद आपोआप रद्द होते आणि गिऱ्हाईक बिचारं दारात खोका घेऊन बसलेलं असतं. एकदा तर एका मावशींनी माझ्यामुळे दोन दिवस बाहेर जाणं टाळलं होतं, ते कळल्यावर मला अन्न गोड लागलं नाही. चूक आपली आणि घरात अडकून पडायची ते. या वेळी कुरिअरवाल्याने सांगितलं, उचलायला एक ते दोन दिवस, गोव्यात पोचायला आणखी चार. म्हणजे चवथ उलटून गेली असती.

उरली रात्रीची बस. फोंड्याहून संध्याकाळी साडेसातला सुटणारी पुण्याची खासगी बस पार्सल घेते. पावती म्हणजे हाताने लिहिलेला एक चिटोरा, वाटेत कुठे आहे ते दाखवणारी कसलीही सोय नाही, हरवलं तर भरपाई नाही. पण सकाळी सातपर्यंत खोका पुण्यात असतो. काकूंना बसच्या ऑफिसात बोलावायचा प्रश्नच नव्हता. पुण्यात दुचाकीवरून सामान पोचवणारी मुलं मिळतात, त्यातल्या एकाला सबंध फेरीसाठी ठरवलं. ऑफिसातून खोका घ्यायचा, काकूंना द्यायचा, त्यांनी उघडून बघेपर्यंत थांबायचं, मग हंसाची जोडी घेऊन परत त्याच ऑफिसात संध्याकाळच्या बसला द्यायची. थांबायचे वेगळे पैसे मी आधीच कबूल केले, कारण ते ठरवलं नाही तर मुलगा जिन्यातूनच घाई करतो.

खोका भरताना परतीचं सामानही त्यातच ठेवलं. टेपचं एक रीळ, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचे आठ तुकडे, फोंड्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आणि 'बदली माल, विक्री नाही' असं लिहिलेलं चलन. दोघींचीही बिलं मुळात बरोबरच होती, त्यामुळे नवं बिल करायचं कारण नव्हतं. आठ तुकडे अशासाठी, की समई उघडली की तिचे चार भाग होतात. बैठक, दांडा, तेलाची ताटली आणि वरचा हंस. जोडीचे आठ. परत येणाऱ्या मालात सगळ्यात जास्त हरवतो तो हा वरचा भाग. तो लहान असतो, देवघराच्या फळीवर काढून ठेवलेला असतो आणि तिथेच राहून जातो. काकूंना मी रात्री फोनवर एवढंच सांगितलं, घासू नका, धुऊ नका, पूर्ण निवल्यावर तेल काढून कागदाने पुसा आणि पेच उघडा. आठ भाग ओळीने मांडून एक फोटो पाठवा, मग गुंडाळा. त्या म्हणाल्या, "अहो, मला फार अपराधी वाटतंय, कुणाच्या आईच्या नावाची समई मी लावली." मी म्हटलं, काकू, अपराध असलाच तर माझा. पण त्यांच्या आवाजातली ती हुरहुर माझ्या कानातून जाईना. कायद्याच्या भाषेत त्या बिनदोष होत्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ठरल्यापेक्षा वेगळा माल गेला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, आणि तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवावं लागतं. त्या नियमांत वापरलेल्या वस्तूमुळे गिऱ्हाइकालाच वाटणाऱ्या संकोचासाठी कलम नाही.

शनिवारी सकाळी नऊ चाळीसला फोटो आला. स्टीलच्या परातीत आठ भाग, ओळीने. मी दोनदा मोजले. दहा मिनिटांनी दुसरा फोटो, मोराच्या समया देवघरात, आणि त्याखाली फक्त "आल्या".

आता एक मोह होता. पुण्याहून गोव्याला येणारी ती बस बेळगाववरूनच येते. पहाटे तीनच्या सुमाराला ती ताईंच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवरून जाणार होती. दादा म्हणाला, तिथेच उतरवून घ्यायला सांग ना, त्यांच्या घरचं कुणी येईल, इथपर्यंत आणून पुन्हा तिकडे न्यायचं कशाला? हिशेबाने त्याचं बरोबर होतं. पण त्या जोडीला मी बघितल्याशिवाय ती ताईंच्या हातात पडायला नको, असं मला आतून वाटत होतं. ताटलीत काजळी असेल, पेचात तेल मुरलेलं असेल, रस्त्यात एखाद्या हंसाची मान वाकली असेल. आधीची चूक न बघता चिठ्ठी लावल्याने झाली होती. तीच दुसऱ्यांदा करायला माझा हात धजेना.

रविवारी सकाळी सातला फोंड्याच्या स्टँडवर खोका घेतला. घरी अंगणात पाट मांडून बसले. तेलाचा वास दांड्याच्या पोकळीत होता, तिळाचं तेल असावं. आधी कोमट पाण्याने तेलकटपणा काढला, मग चिंचेचा कोळ आणि मीठ. कोळ लावून फार वेळ ठेवायचा नाही, नाहीतर पितळेवर तांबूस डाग चढतात. दोन-तीन मिनिटांत धुवायचं आणि लगेच कोरड्या धोतराच्या फडक्याने पुसायचं. नावाच्या ठिपक्यांत अडकलेली काजळी जुन्या दातांच्या ब्रशने काढली. तेवढ्यात ते नाव घालणारे आजोबा आले, मीच त्यांना बोलावलं होतं. ताईंना जुनी जोडी नकोच असेल तर नव्यावर आज नाव घालून द्यायचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. आजोबांनी समई उचलली, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काय बिघडलंय हिचं? दिवाच लागला ना?"

पण आजोबांना बोलावल्यानंतर, शनिवारी रात्रीच ताईंचा फोन येऊन गेला होता. नवी नको, तीच हवी, एवढंच म्हणाल्या होत्या. का ते मी विचारलं नाही.

दुपारी आम्ही निघालो, दादा आणि मी. मोल्यापर्यंत ऊन होतं, अनमोडच्या घाटात धुकं उतरलं, दूधसागराच्या बाजूचा सगळा डोंगर पांढरा झाला होता. खोका मी मांडीवरच ठेवला होता. खानापूर मागे टाकल्यावर पाऊस थांबला. बेळगावात ताईंनी दार उघडलं तेव्हा हॉलमध्ये मखराचं काम चाललं होतं, कागदाची फुलं, फेव्हिकॉलचा वास, जमिनीवर दोन लहान मुलं. मी आधी त्यांची जोडी दिली. त्यांनी आठही भाग एकेक करून जोडले, पेच घट्ट केले आणि नाव वाचलं. मग मला आश्चर्य वाटेल असं केलं. ताटली नाकाजवळ नेली. "थोडा वास आहे अजून," त्या म्हणाल्या. मी कानकोंडी झाले, पुन्हा घासून देते म्हटलं. त्यांनी मान हलवली. आई तिळाचंच तेल घालायची, म्हणाल्या.

मोराचा खोका बाहेर शूजच्या कपाटावर होता, टेपही न उचकटलेला. तो मी उचलला. चहा झाला. निघताना त्यांनी जरा चाचरत विचारलं, "पुण्याच्या त्या बाईंनी लावल्या होत्या, तो फोटो आहे तुमच्याकडे?" होता. पण तो काकूंच्या देवघराचा होता, त्यांच्या भिंतीचा, त्यांच्या जिवतीचा. एकीचं घर दुसरीला दाखवायचा अधिकार मला नव्हता. मी म्हटलं, विचारून पाठवते.

परतीच्या वाटेवर घाटात रेंज नव्हती. मोल्याला आल्यावर काकूंना लिहिलं. उत्तर लगेच आलं, "पाठवा की. आणि त्यांना सांगा, त्या दिवशी वाती सकाळपर्यंत जळत होत्या."